सरासरी सारखी, वर्ग निराळे

पालकसभेत दोन तुकड्यांची तुलना बहुधा एकाच आकड्यावर होते, तो म्हणजे वर्गाची सरासरी. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या खासगी शिकवण्यांच्या फलकांवर तर तेवढाही आकडा नसतो. पहिल्या आलेल्यांची छायाचित्रे असली की झाले. माझे मत असे की, वर्गाचा निकाल सांगताना सरासरीसोबत पेटी-आलेख, म्हणजेच बॉक्स प्लॉट, मांडला गेला पाहिजे आणि सातवी-आठवीच्या मुलांनी तो स्वतः काढला पाहिजे.

समजण्यासाठी आठवीच्या दोन लहान तुकड्या कल्पू. प्रत्येकीत अकरा मुले आणि गणिताची चाळीस गुणांची चाचणी. चढत्या क्रमाने ‘अ’ तुकडीचे गुण : १७, १९, २१, २२, २३, २४, २५, २६, २७, २९, ३१. ‘ब’ तुकडीचे गुण : ८, ११, १३, १६, २०, २४, ३०, ३३, ३५, ३६, ३८. दोन्हींची बेरीज २६४, म्हणून सरासरी २४. नेमका मधला, सहावा गुण म्हणजे मध्यक. तोही दोन्हीकडे २४. नववीच्या पुस्तकात शिकवली जाणारी ही दोन्ही मापे या तुकड्यांना समान ठरवून मोकळी होतात.

आता मध्यकाच्या खालची पाच मुले घेऊ. त्यांच्यातील मधल्या मुलाचा गुण म्हणजे पहिले चतुर्थक. तसाच वरच्या पाचांतील मधला गुण म्हणजे तिसरे चतुर्थक. ‘अ’मध्ये ते २१ व २७ येतात, ‘ब’मध्ये १३ व ३५. शून्य ते चाळीस अशी आडवी पट्टी आखून पहिल्या चतुर्थकापासून तिसऱ्यापर्यंत पेटी काढावी, मध्यकावर उभी रेघ मारावी आणि दोन्ही बाजूंनी सर्वांत कमी व सर्वांत जास्त गुणांपर्यंत मिशा ओढाव्यात. दोन्ही आकृत्या एकाच पट्टीवर, एकाखाली एक हव्यात. पट्ट्या निराळ्या असल्या तर तुलनाच फसवी होते. ‘अ’ची पेटी सहा गुणांची, ‘ब’ची बावीस गुणांची. पस्तीस टक्क्यांची उत्तीर्णरेषा चौदा गुणांवर आखली, तर ‘अ’ची संपूर्ण आकृती तिच्या उजवीकडे राहते. ‘ब’ची पेटीच मुळी रेषेच्या डावीकडून सुरू होते, म्हणजे वर्गातील सुमारे पाव मुले अनुत्तीर्ण आहेत. जादा तास ‘ब’साठी हवा, आणि तोही सगळ्या तुकडीसाठी नव्हे, हे सरासरीने कधीच सांगितले नसते.

वाचताना एक चूक हमखास होते. पेटीचा लांब भाग पाहून तिथे जास्त मुले आहेत, असे वाटते. वास्तविक चारही भागांत मुले साधारण सारखीच, पाव-पाव असतात. तेवढेच प्रवासी लहान डब्यात बसले की दाटी होते, मोठ्या डब्यात सुटसुटीत बसतात. लांबी जागेची आहे, माणसांची नव्हे. ‘अ’ची आखूड पेटी गर्दी दाखवते, ‘ब’ची लांब पेटी विखुरलेपण.

दुसरी अडचण चतुर्थक काढण्याच्या रीतीची. वर मी मध्यक वगळून दोन भाग केले. संगणकाच्या तक्त्यातील QUARTILE.INC हे सूत्र मात्र ‘ब’चे पहिले चतुर्थक १४.५ देते, आणि मग पेटी उत्तीर्णरेषेच्या उजवीकडे सरकते! QUARTILE.EXC पुन्हा १३ देते. मुले तीच, गुण तेच. लहान वर्गात असा फरक पडतोच. म्हणून दोन्ही तुकड्यांना एकच रीत लावावी, ती आलेखाखाली लिहावी आणि अनुत्तीर्ण मुले प्रत्यक्ष मोजावीत. इथे ती तीन आहेत.

पेटीच्या आत काय आहे, हेही आलेख सांगत नाही. ‘ब’चे गुण ८, १२, १३, १३, १३, २४, ३५, ३५, ३५, ३६, ३८ असे असते, तरी पेटी रेघभरही हलली नसती. पण तो वर्ग जवळजवळ दुभंगलेला आहे आणि त्याला शिकवण्याची पद्धत निराळी लागेल. यावर उपाय सोपा : पेटीखाली प्रत्येक मुलामागे एक ठिपका द्यावा, नावाशिवाय.

जॉन ट्युकी या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९७७ सालच्या आपल्या ग्रंथातून ही आकृती रूढ केली, तेव्हा कागद आणि पेन्सिल पुरेशी होती. जपानमध्ये २०२१पासून आपल्या आठवीच्या वयाची मुले ती शिकतात. आपल्याकडे ती पदवीच्या वर्गापर्यंत का थांबावी, हे मला उमगत नाही.

तिचा खरा उपयोग दुसऱ्या चाचणीनंतर होतो. जादा तासानंतर ‘ब’मधील शेवटची चार मुले ८, ११, १३, १६ वरून १४, १६, १८, १९ वर आली असे धरा. सरासरी जेमतेम पावणेदोन गुणांनी वाढेल, मध्यक २४च राहील. सभेत कोणी दखलही घेणार नाही. आलेखावर मात्र पेटीची डावी कड १३ वरून १८ वर आलेली दिसेल आणि डाव्या मिशीचे टोक उत्तीर्णरेषेला टेकलेले असेल.