बसलेला घसा, मिठाचे पाणी आणि घशाची तपासणी : एक जाहीर आवाहन

वरळी येथील बीडीडी चाळींतील समस्त रहिवासी बंधुभगिनींस,

दहीहंडीच्या आरोळ्या, गणपतीच्या आरत्या आणि पावसाळी सर्द हवा यांचा संयोग झाला की आपल्या चाळींत घसे बसू लागतात. आणि विकास खात्याने शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या त्या १६० चौरस फुटांच्या खोलीत, जिथे तीन पिढ्या शेजारी शेजारी निजतात, तिथे एकाचा घसा धरला की चार दिवसांत दुसऱ्याचाही धरतो. अशा वेळी जो तो जुन्या चिठ्ठीवरच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणतो. हा प्रघात सोडावा, एवढ्याचसाठी हे निवेदन आहे.

एकाच खोलीतील दोन रुग्ण कल्पनेने डोळ्यांसमोर आणावेत. थोरला भाऊ पंचविशीचा. नाक वाहते, खोकला आहे, घसा खवखवतो आणि आवाज पार बसला आहे. धाकटी बहीण आठ वर्षांची. तिला खोकला नाही, नाकही कोरडे आहे, परंतु १०२ अंश ताप आहे, घास गिळताना ती रडते, जबड्याखालच्या गाठी दाबल्या असता दुखतात आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात. आवाज भावाचा गेला असल्यामुळे घरातील चिंता साहजिकच त्याच्याभोवती गोळा होते. वस्तुतः बसलेला आवाज, खोकला आणि सर्दी ही त्रयी एकत्र आली म्हणजे दुखणे बहुधा विषाणूंचे असते आणि त्यावर अँटिबायोटिकचा काडीइतका उपयोग नसतो.

भावाने पेलाभर कोमट पाण्यात चहाचा अर्धा चमचा मीठ विरघळवून दिवसातून तीनचार वेळा गुळण्या कराव्यात आणि ते पाणी गिळू नये, थुंकून टाकावे. रक्तदाबाच्या रुग्णांनी तर हे कटाक्षाने पाळावे. मात्र गुळणीचे पाणी पडजिभेच्या मागील भागापर्यंतच पोहोचते, स्वरतंतूंपर्यंत नाही. सबब गुळणीने घशाची आग शमते, आवाज उघडत नाही. आवाजासाठी दोनच इलाज : मौन आणि द्रवपदार्थ. कुजबुजणे म्हणजे मौन नव्हे, कारण त्यानेही स्वरतंतूंवर ताण पडतोच. पेज, कढण, पातळ सार, साधे पाणी थोडे थोडे घेत राहावे. लघवी फिकट झाली की पुरेसे पाणी पोटात गेले असे समजावे. ज्यांना हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावे. तंबाखू, मिश्री आणि विडी या मुदतीत तरी बंद असावी. ज्या लहानग्यांना गुळणी करता येत नाही त्यांना बळेच करावयास लावू नये. आणि एवढ्याशा खोलीत उकळत्या पाण्याचे पातेले जमिनीवर ठेवून वाफारा देणे हे भाजण्यास आमंत्रण आहे.

आता बहीण. घशाचा स्राव तपासण्याची खरी जरूर तिला आहे. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत ही लक्षणे स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूंमुळे असू शकतात, आणि ते अंगावर काढल्यास दोनतीन आठवड्यांनी सांधे सुजून संधिवाताचा ज्वर येण्याचा व हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडण्याचा संभव असतो. दाटीच्या वस्तीत हे भय अधिक. तपासणीत कापसाचा बोळा दोन्ही टॉन्सिलवरून व घशाच्या मागील भिंतीवरून फिरवतात. जिभेला वा गालाला लागला तर नमुना भरवशाचा राहत नाही. तो अँटिबायोटिकची पहिली मात्रा घेण्यापूर्वीच घेतला पाहिजे. अहवालास एकदोन दिवस लागतात, पण त्याने बिघडत नाही. दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी त्या ज्वराचा प्रतिबंध होतो. जंतू निघाले व डॉक्टरांनी पेनिसिलिनच्या जातीच्या गोळ्या दहा दिवसांसाठी दिल्या, तर तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून त्या थांबवू नयेत.

मग भावाचीही तपासणी का करू नये, असा प्रश्न पडेल. कारण हे जंतू धडधाकट माणसाच्या घशातही, विशेषतः शाळकरी मुलांच्या, निमूटपणे वस्ती करून असतात. ते सापडले म्हणजे सर्दीला तेच कारण, असे ठरत नाही, आणि औषध मात्र फुकट पोटात जाते.

तथापि काही बसलेल्या आवाजांना हा नियम लागू नाही. घशात करड्या रंगाचा चिवट पापुद्रा व मानेला सूज दिसली, तर घटसर्प समजून चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी त्याच दिवशी जावे. अशा वेळी आवाज बसणे हे रोग स्वरयंत्राकडे सरकल्याचे चिन्ह असू शकते, आणि तपासणीचा नमुना घेतला तरी उपचार अहवालासाठी खोळंबत नाही. श्वास घेताना घरघर, लाळ गिळता न येणे, तोंड न उघडणे यांतही एका रात्रीची वाट पाहू नये. आवाज तीन आठवड्यांनंतरही बसलेलाच असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्राची दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी. तंबाखू खाणारांनी यात कसूर करू नये.

तरी सर्व पालकांस विनंती की, तापलेल्या, न खोकणाऱ्या मुलास दवाखान्यात नेईपर्यंत घरातील उरलेली अँटिबायोटिकची एकही गोळी देऊ नये.