पहिलं वर्ष सीजीपीएत धरत नाहीत? मग पुढच्या सेमिस्टरला किती हवेत?

प्लेसमेंटचा हंगाम जवळ आला की कॉलेजातल्या ज्युनियर मंडळींचे मला एकाच प्रकारचे मेसेज येतात. "दादा, आमच्याकडे फर्स्ट इयर फायनल सीजीपीएत धरत नाहीत. आता डिस्टिंक्शनसाठी किती पाहिजेत?" मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, त्यामुळे लोकांना वाटतं याला एखादं ॲप असेल. ॲपची गरज नाही, एक सूत्र पुरतं. पण त्या सूत्राचं उत्तर नेमकं काय सांगतं, हे समजून घेणं जास्त महत्त्वाचं आहे.

आधी ही पद्धत कुठे असते ते बघू. ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत पदवीचा वर्ग ठरवताना पहिल्या वर्षाचे मार्क धरत नाहीत. ते वर्ष फक्त पास व्हावं लागतं. आपल्याकडे याचा सगळ्यात ओळखीचा प्रकार म्हणजे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेली मुलं. त्यांनी डिग्रीचं पहिलं वर्ष केलेलंच नसतं, म्हणून त्यांचा सीजीपीए तिसऱ्या ते आठव्या अशा सहाच सेमिस्टरचा होतो. एखाद्या कॉलेजच्या नियमातच पहिलं वर्ष वगळलेलं असेल, तर सगळ्या वर्गाचं गणित या डिप्लोमावाल्यांसारखं होतं.

गणिताचा पाया साधा आहे. प्रत्येक सेमिस्टरचा एसजीपीए त्या सेमिस्टरच्या क्रेडिटने गुणायचा, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. हा झाला सीजीपीए. एसजीपीएंची नुसती सरासरी काढू नका, कारण प्रत्येक सेमिस्टरचे क्रेडिट सारखे नसतात.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, पहिल्या वर्षाच्या दोन सेमिस्टरचे २२-२२ क्रेडिट आहेत. पुढच्या सहा सेमिस्टरचे २२, २२, २१, २१, २० आणि २०, म्हणजे १२६. एका मुलीला पहिल्या वर्षी ६.२ आणि ५.९ मिळाले, दुसऱ्या वर्षी ७.१ आणि ७.४. तिच्या कॉलेजात डिस्टिंक्शनला ७.७५ लागतात. उरलेल्या चार सेमिस्टरला सरासरी किती हवी?

पहिलं वर्ष वगळलं तर एकूण गुण हवेत १२६ × ७.७५, म्हणजे ९७६.५. दुसऱ्या वर्षात तिने ३१९ कमावले. उरले ६५७.५, आणि ते मिळवायला क्रेडिट आहेत ८२. भागाकार येतो ८.०२. दहाच्या स्केलवर 'ए' ग्रेडला ८ गुण असतात. म्हणजे दोन वर्षं जवळपास सगळ्या विषयांत 'ए' काढायचा, आणि एखादा 'बी प्लस' आला तर दुसरीकडे 'ए प्लस' काढून तो भरून काढायचा. अवघड आहे, पण होण्यासारखं आहे.

हेच पहिलं वर्ष धरलं असतं, तर तिला उरलेल्या चार सेमिस्टरला ८.९३ लागले असते. सलग दोन वर्षं जवळपास सगळ्या विषयांत 'ए प्लस'! नियमातल्या एका ओळीने किती फरक पडतो बघा.

गुगल शीट्समध्ये हे मोबाईलवरच करता येतं. बी कॉलममध्ये दुसऱ्या ओळीपासून सहा सेमिस्टरचे क्रेडिट लिहा आणि सी कॉलममध्ये आलेले एसजीपीए. दोन सेमिस्टर झाली असतील तर सूत्र असं:

```
=(7.75*SUM(B2:B7)-SUMPRODUCT(B2:B3,C2:C3))/SUM(B4:B7)
```

उत्तर १० च्या वर आलं, तर ते टार्गेट आता हाती लागणार नाही. मग ७.७५ च्या जागी त्याखालच्या वर्गाचा आकडा टाकून बघायचं.

इथपर्यंत सगळं आनंदाचं वाटतं. पण या नियमाची दुसरी बाजूही आहे. पहिल्या वर्षी ८.९ आणि ९ काढणारा एक मुलगा घ्या, दुसरं वर्ष त्याच मुलीसारखं. पहिलं वर्ष धरलं असतं तर त्याला पुढे ७.३७ पुरले असते. वगळल्यावर त्यालाही ८.०२ च लागतात. त्याची ती वर्षभराची कमाई वर्ग ठरवताना कामाला येत नाही.

शिवाय क्रेडिट कमी झाले की प्रत्येक सेमिस्टरचं वजन वाढतं. २० क्रेडिटच्या सेमिस्टरमध्ये एसजीपीए एक पॉइंटने घसरला, तर १७० क्रेडिटच्या हिशोबात सीजीपीए ०.१२ ने खाली येतो, १२६ च्या हिशोबात ०.१६ ने. आपल्या उदाहरणातल्या मुलीला पाचव्या सेमिस्टरला ७.३ च मिळाले, तर उरलेल्या तीनसाठीची गरज ८.०२ वरून ८.२७ होते. म्हणून हा हिशोब दर निकालानंतर पुन्हा करायचा.

आता खरी अडचण. समजा, तिने ठरल्याप्रमाणे केलं आणि डिग्रीवर ७.७५ आले. कंपनीच्या फॉर्ममध्ये रकाना आहे, "सर्व सेमिस्टरचा एकत्रित सीजीपीए", आणि कटऑफ ७.५. तिच्या आठही सेमिस्टरची सरासरी निघते ७.३१. डिग्रीवर डिस्टिंक्शन असूनही त्या फॉर्मच्या हिशोबाने ती कटऑफच्या खाली! अशा ठिकाणी अंदाजाने ७.७५ टाकू नका, कारण जॉइनिंगच्या वेळी मार्कशीटशी आकडे ताडून बघतात. प्लेसमेंट ऑफिसला विचारा की कंपनीला नेमका कुठला आकडा हवाय, आणि दोन्ही आकडे काढून जवळ ठेवा.

डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांची इथे सुटका होते, कारण त्यांची सगळी सेमिस्टर म्हणजे सहाच. एकाच वर्गात, एकाच यादीत, दोन वेगळ्या हिशोबांचे सीजीपीए शेजारी शेजारी बसतात. यात कुणाची चूक नाही, पण यादी लावणाऱ्याला हा फरक माहीत असायला हवा.

आपल्याकडे नियम कुठला आहे, हे कसं ओळखायचं? सिनियरच्या सांगण्यावर जाऊ नका, कारण पॅटर्न बदलला की नियम बदलतो आणि तुम्हाला तुमच्या प्रवेशाच्या बॅचचा नियम लागू असतो. विद्यापीठाच्या किंवा स्वायत्त कॉलेजच्या नियमावलीत पदवीचा वर्ग कसा देतात तो भाग उघडा. त्यात सेमिस्टर तीन ते आठ असं लिहिलंय की एक ते आठ, एवढंच बघा. चौथ्या सेमिस्टरची मार्कशीटही थोडं सांगते. आपल्या उदाहरणात तिथे ७.२५ छापलं असेल तर पहिलं वर्ष वगळलंय, ६.६५ असेल तर धरलंय. पण काही ठिकाणी मार्कशीटवर सगळ्या सेमिस्टरचा आकडा छापतात आणि वगळणं फक्त शेवटी होतं. म्हणून शेवटचा शब्द नियमावलीचाच.

आणि वगळलं म्हणजे माफ झालं, असं नाही. पहिल्या वर्षाचा एम-थ्री नव्हे, एम-वन जरी अडकला असेल तरी डिग्री मिळत नाही, कारण ते क्रेडिट पूर्ण व्हावेच लागतात. सीजीपीएत त्या केटीचा मागमूस नसेल, पण "ॲक्टिव्ह बॅकलॉग" या रकान्यात ती दिसणारच. तेव्हा पाचव्या सेमिस्टरला ८ चं टार्गेट लावण्याआधी तो एक पेपर काढून टाका.