कॅमेरा हलवायचा तर कारण द्या, नाहीतर स्टँडवर लावून गप्प बसा

व्हिडिओत वेळ कमी पडतो, म्हणून हा विषय इथे सविस्तर लिहितोय.

आपल्याकडे धंद्याचे व्हिडिओ बघा. साडीचं दुकान असो, फर्निचर असो की घरगुती मसाले, पहिल्या सेकंदाला कॅमेरा जो फिरायला लागतो तो शेवटपर्यंत थांबत नाही. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, मग एकदम वस्तूच्या तोंडाशी. बघणाऱ्याला शेवटी आठवतं काय? काहीच नाही. माझं मत स्पष्ट आहे: छोट्या उद्योजकाच्या व्हिडिओत बहुतेक शॉट स्थिर असावेत. कॅमेरा हलला तर त्यामागे एक कारण असावं, आणि ते तुम्हाला एका वाक्यात सांगता यावं.

आधी तीन शब्द नीट समजून घेऊ, कारण इथेच घोळ होतो.

पॅन म्हणजे कॅमेरा जागेवरच राहतो, फक्त मान वळवतो. डॉली म्हणजे कॅमेरा स्वतः जागा बदलतो, बाजूला, पुढे किंवा मागे. पुश-इन म्हणजे कॅमेरा हळूहळू वस्तूच्या जवळ जातो, म्हणजे डॉलीचाच एक प्रकार. आणि झूम? झूममध्ये कॅमेरा हलतच नाही, चित्र फक्त मोठं होतं. पुश-इनमध्ये पुढची वस्तू आणि मागची भिंत यांचं एकमेकांशी नातं बदलत जातं, म्हणून आपण स्वतः चालत जवळ गेल्यासारखं वाटतं. फोनवर दोन बोटांनी केलेल्या झूममध्ये ते होत नाही. वर एका मर्यादेनंतर फोन चित्र नुसतं कापून ताणतो, म्हणजे कापडाचं विणकाम दिसायच्या ऐवजी धुरकट होतं.

'कोर्ट' बघा, पण धंदेवाल्याच्या नजरेने

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' हा मराठी चित्रपट. छायाचित्रण मृणाल देसाई यांचं. 2015 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातल्या कोर्टातल्या प्रसंगांमध्ये कॅमेरा बहुतेक वेळा लांब, स्थिर उभा असतो. वकील बोलतात, न्यायाधीश मजकूर सांगतात, बाकावरची माणसं वाट बघत बसतात. कुणाच्या चेहऱ्यावर कॅमेरा धावत जात नाही. एक प्रसंग तर असा आहे की कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे बंद होतात, आणि कॅमेरा त्याच जागी थांबून राहतो, अंधार होईपर्यंत.

यातून आपण काय घ्यायचं? स्थिर फ्रेम बघणाऱ्याला सांगत नाही की इकडे बघ, तिकडे बघ. तो स्वतः शोधतो, स्वतः ठरवतो. आणि जे माणूस स्वतः बघून ठरवतो, त्यावर त्याचा विश्वास बसतो. सिनेमात हा विश्वास त्या जगावर बसतो. आपल्या व्हिडिओत तो मालावर बसायला हवा.

आता लगेच प्रश्न येणार, "सर, पण हालचाल नसली तर लोक बोटाने पुढे सरकवतात." बरोबर आहे. पण हालचाल कॅमेऱ्याची हवी असं कुणी सांगितलं? हालचाल फ्रेमच्या आत हवी. हात साडी उलगडतायत, तव्यावर भाकरी फुगतेय, काट्यावरचा आकडा वाढतोय. कॅमेरा थांबला की ही हालचाल जास्त ठळक दिसते. कॅमेराही हलला तर दोन्ही हालचाली एकमेकींना मारतात.

एक उदाहरण पूर्ण करून बघू: पैठणी

माझं साड्यांचं दुकान वैजापुरात आहे. एका बाजूला येवला, दुसऱ्या बाजूला आपल्याच जिल्ह्यातलं पैठण, त्यामुळे पैठणीचाच व्हिडिओ घेऊ. साधारण पाऊण मिनिट, चार शॉट. प्रत्येक शॉटआधी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: या शॉटने गिऱ्हाइकाला नवीन काय कळणार?

पहिला शॉट, पूर्ण पदर. गिऱ्हाइकाला कळायला हवं की पदरावर मोर आहे की मुनिया, काठ नारळी आहे की आणखी कुठला. हे सगळं एकाच नजरेत दिसतं, म्हणजे कॅमेरा हलवायला कारण नाही. फोन स्टँडवर, पदर समोर टांगलेला, पाच-सहा सेकंद. झालं.

दुसरा शॉट, काठ आणि अंगातली बुट्टी. इथे बहुतेक जण पॅन करतात, आणि इथेच फसतात. सहावारी साडी लांब पसरली आणि कॅमेरा मधोमध उभा करून मान वळवली, तर मधला भाग जवळ दिसतो, दोन्ही टोकं लांब आणि तिरपी. बुट्टी मध्येच लहान-मोठी दिसते. त्यात फोन उभा धरलेला. उभी फ्रेम अरुंद असते, त्यामुळे थोडी जरी मान वळवली तरी वस्तू झर्रकन बाहेर जाते. कॅमेरामन लोकांचा जुना ठोकताळा असा, की पॅनमध्ये एखादी वस्तू फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण सात सेकंद लागावेत. त्यापेक्षा जास्त घाई केली की चित्र तुटक-तुटक दिसू लागतं. तुमच्या घाईच्या व्हिडिओत सात सेकंद आहेत का? नसतील तर उपाय सोपा आहे: कॅमेरा लॉक करा आणि साडी ओढा. फोन टेबलावर वरून खाली बघत लावा, आणि साडी हळूहळू त्याच्या खालून सरकवा. काठ सरळ राहतो, बुट्टीचा आकार सारखा राहतो, आणि कापडाची लवचीकही दिसते.

तिसरा शॉट, रंग. पैठणीत पुष्कळदा धूपछाव असते, उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. नजरेचा कोन बदलला की रंग बदलतो. ही गोष्ट स्थिर कॅमेऱ्याने, स्थिर ठेवलेल्या साडीवर दाखवताच येत नाही. इथे डॉलीला खरं कारण मिळालं. साडी जागेवर, कॅमेरा तिच्या बाजूने हात-दीड हात सरकतो, आणि जांभळ्यात लाल झळकतो. ही हालचाल काढून टाकली तर माहितीच निघून जाते. हीच कारण असलेल्या हालचालीची खूण.

याच शॉटच्या शेवटी मोरापर्यंत पुश-इन करता येतो, पण एका शॉटमध्ये दोन हालचाली नकोत. हवा असेल तर पुश-इन वेगळा घ्या. तीन फुटांवरून एका फुटापर्यंत, चार-पाच सेकंदांत. गिंबल नसला तरी चालतं. गुळगुळीत काउंटरवर घडी केलेला रुमाल, त्यावर छोट्या स्टँडमध्ये फोन, आणि फोन ढकलायचा नाही, रुमाल ओढायचा. हातानेच घ्यायचा असेल तर कोपरं पोटाला टेकवा, एक पाय मागे ठेवा, आणि चालू नका, फक्त मागच्या पायावरचं वजन पुढच्या पायावर आणा. अर्धा-पाऊण फूट हालचाल मिळते, तेवढी पुरते. फार जवळ गेलात तर फोनची सावली कापडावर पडते, आणि काही फोन आपोआप दुसऱ्या लेन्सवर जातात तेव्हा चित्राला हिसका बसतो. तो हिसका दिसला की समजा, थोडं मागेच थांबायला हवं होतं.

चौथा शॉट सगळ्यात महत्त्वाचा. हातमागाच्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते, कारण रंगीत धागे नक्षीतच एकमेकांत गुंतवलेले असतात. यंत्रावरच्या नक्कलेत बऱ्याचदा मागे सुटे धागे लोंबताना दिसतात. हा पुरावा कसा दाखवायचा? कॅमेरा लॉक. पदर सुलटा दाखवा, फ्रेमच्या बाहेर न नेता उलटा करा, परत सुलटा करा. दहा-बारा सेकंद, एकही कट नाही. मध्ये कट मारला किंवा कॅमेरा फिरवला, तर गिऱ्हाइकाच्या मनात येणारच की मधल्या वेळात साडी बदलली. पुराव्याच्या ठिकाणी स्थिर फ्रेम म्हणजे तुमचा साक्षीदार. वजन करताना, दूध तापवताना, डाग धुताना, मशीन चालू करताना हाच नियम.

फोन स्वतः काय गडबड करतो

पॅन करताना दुकानाचं उजेडाचं दार फ्रेममध्ये आलं की फोन सगळं चित्र अंधारं करतो, दार गेलं की परत उजळ. बघणाऱ्याला वाटतं साडीचा रंगच बदलला. म्हणून शॉट सुरू करण्याआधी स्क्रीनवर बोट दाबून धरा आणि फोकस व उजेड लॉक करा. फोन स्टँडवर असेल तर स्टॅबिलायझेशन बंद करून बघा. स्टँडवर हळू पॅन करताना ते कधी कधी चित्र धरून ठेवतं आणि मग एकदम सोडतं.

आणखी एक गोष्ट, जी फार कमी लोक विचारात घेतात. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो. स्थिर फ्रेममध्ये एका चित्रापासून पुढच्या चित्रापर्यंत बराच भाग तोच राहतो, म्हणून कमी जागेतही बारीक नक्षी टिकते. कॅमेरा सतत हलला तर प्रत्येक चित्र नवीन, मग जरीच्या जागी चौकोनी ठोकळे दिसतात. तुमचं गिऱ्हाईक तो व्हिडिओ तुमच्या फोनवर नाही, स्वतःच्या फोनवर आलेला बघतं.

मग कॅमेरा कधी हलवायचा?

माझ्या मते तीनच वेळा. कुणी किंवा काही हलतंय आणि त्याच्या मागे जायचंय. फ्रेमच्या बाहेर असं काही आहे जे आता उघड करायचंय. किंवा वस्तूचा गुण कोन बदलल्यावर, जवळ गेल्यावरच दिसतो. मोठं शोरूम किती खोल आहे हे दाखवायला डॉली लागणारच, तिथे स्थिर फ्रेम खरंच कमी पडते. बोलताना चेहऱ्यावर हळू पुश-इन केला की काहीतरी मोठं सांगणार असं बघणाऱ्याला वाटतं. पुढचं वाक्य तेवढ्या वजनाचं नसेल, तर तो फसल्यासारखा होतो.

हलवलाच तर सुरुवातीला दोन सेकंद आणि शेवटी दोन सेकंद कॅमेरा थांबवा. एडिट करताना कापायला जागा मिळते, आणि हालचाल कुठून कुठे गेली हे बघणाऱ्यालाही समजतं.

तुमचा मागचा एखादा व्हिडिओ उघडा. हालचालीचा प्रत्येक शॉट पहिल्या चित्रावर थांबवा, मग शेवटच्या चित्रावर. शेवटच्या चित्रात पहिल्यापेक्षा नवीन काही कळलं नसेल, तर तो शॉट उद्या स्टँडवर लावून परत घ्या.