कारकुनाच्या माथी मारलेली मराठी

पतसंस्थेच्या शाखेत संध्याकाळी साडेसहाला कॅश जुळवून डे एंड लावणाऱ्या कारकुनाला नव्या व्हर्जनबरोबर एक मराठी कागद मिळतो. या व्हर्जनमध्ये नवे काय आले आणि कोणते दोष अजून शिल्लक आहेत, हे त्याला कळावे म्हणून तो कागद असतो. त्यातली दोषांची यादी म्हणजे दुसऱ्याच्या पैशांना हात लावणाऱ्या माणसाला दिलेला इशारा. आज महाराष्ट्रात हा इशारा अशा मराठीत लिहिला जातो की तो वाचून काय करायचे आणि काय टाळायचे, हे कोणालाच कळू नये. सॉफ्टवेअर कंपनी करारातल्या ‘मराठी प्रत दिली’ या ओळीपुढे खूण करते, भाषांतराचा ठेकेदार शब्द मोजून बिल लावतो, संस्थेचे व्यवस्थापन न वाचता सही करते. आणि चूक झाली की मेमो मात्र कारकुनाला मिळतो. हा अन्याय आहे, आणि तो करणाऱ्या तिघांनाही आम्ही जाब विचारतो.

एक नमुना घेऊ. व्याज आकारणी चालू असताना स्क्रीन बराच वेळ अडकली, लॉगिन तुटले आणि कारकुनाने डे एंड पुन्हा लावला, तर व्याज दुसऱ्यांदा नावे पडते, असा एक दोष आहे. कंपनीला तो ठाऊक आहे, तो यादीत नोंदवलेलाही आहे. त्याची मराठी अशी येते : ‘सत्र कालबाह्यतेनंतर दिवस-समाप्ती प्रक्रिया पुनःकार्यान्वित केल्यास प्रतिरूप व्याज प्रविष्टी उद्भवू शकतात. उपाययोजना : पुनःकार्यान्वयनापूर्वी प्रविष्टी अहवाल सत्यापित करावा.’ कोणत्या शाखेत कोण असे बोलते? कारकुनासमोरच्या पडद्यावर `Day End` असे बटण आहे. ‘दिवस-समाप्ती प्रक्रिया’ नावाचे काहीही त्याच्या पडद्यावर नाही. ‘प्रविष्टी अहवाल’ शोधायला तो मेनूत गेला, तर तिथे `Interest Posting Report` लिहिलेले आहे. ही दोन नावे एकाच गोष्टीची आहेत, हे त्याने कशावरून ओळखावे?

आता या दोन ओळींची किंमत पाहा. तीन लाखांचे कर्ज, दर साल दर शेकडा बारा. म्हणजे महिन्याचे व्याज 3,000 रुपये. शाखेत अशी 240 खाती आहेत असे धरा. महिनाअखेरीला स्क्रीन अडकली, कारकुनाने कागद वाचला, त्यातून काही बोध झाला नाही, म्हणून त्याने `Day End` पुन्हा दाबले. प्रत्येक खात्यावर 3,000 ऐवजी 6,000 नावे पडले. शाखेच्या उत्पन्नात 7,20,000 रुपये असे आले, जे कोणी देणेच लागत नव्हते. तेरीज जुळते, कारण दुसरी नोंदही दोन्ही बाजूंना पूर्ण पडलेली असते. त्यामुळे त्या रात्री कोणालाच शंका येत नाही. चूक ओळखण्याच्या दोनच जागा आहेत : कर्जखात्याच्या उताऱ्यात एकाच तारखेला तेवढ्याच रकमेच्या दोन ओळी, आणि व्याजाची बेरीज गेल्या महिन्याच्या दुप्पट. हे कोणी पाहिले नाही, तर दुसऱ्या दिवशी कर्ज फेडायला आलेल्या सभासदाकडून 3,000 रुपये जास्त घेतले जातात. आणि तो महिना मार्च असेल, तर हाच खोटा नफा ताळेबंदात जाऊन बसतो.

भाषांतरकाराला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्या हाती काय दिले जाते, ते आधी बघा. एक्सेलची एक फाइल : डाव्या रकान्यात इंग्रजी वाक्ये, उजवा रकाना रिकामा. पडद्याचे एकही चित्र नाही, सॉफ्टवेअरचे लॉगिन नाही, वाक्य कोणत्या स्क्रीनबद्दल आहे त्याचा पत्ता नाही. फाइल दुपारी येते आणि उद्या सकाळी परत हवी असते. त्यात भाषांतराची साठवण-प्रणाली आदल्या व्हर्जनची वाक्ये समोर आणून ठेवते. गेल्या वेळी ‘डे एंडनंतर बॅकअप घ्या’ असे होते, यंदा मूळ इंग्रजीत ते ‘डे एंडआधी’ असे झाले आहे. फरक एका शब्दाचा, म्हणून प्रणाली जुनेच मराठी वाक्य जवळजवळ जुळणारे म्हणून पुढे करते. अशा वाक्याला दरही कमी लावला जातो. कमी पैशांत, मध्यरात्री, नजर त्या एका शब्दावरून घसरते आणि नेमकी उलटी सूचना शंभर शाखांत पोचते. त्या चुकीची जबाबदारी ही पद्धत लावणाऱ्यांची आहे.

आणि समजा भाषांतरकार दक्ष आहे. तरी मूळ इंग्रजीतच जे नाही, ते तो कुठून आणणार? दोषाची नोंद प्रोग्रामर दुसऱ्या प्रोग्रामरसाठी लिहितो. ‘होऊ शकते’ असे त्यात सावधगिरीने लिहिलेले असते. पण लॉगिन तुटल्यावर हे प्रत्येक वेळी होते की क्वचित? कारकून ‘होऊ शकते’ वाचतो आणि आपल्याकडे नाही होणार असे समजून पुढे जातो. अहवाल तपासा, असे लिहिले आहे. पण तपासून त्यात काय शोधायचे? निम्म्या खात्यांवर व्याज पडले आणि निम्म्यांवर नाही, असे दिसले तर काय करायचे? हे प्रश्न भाषांतरकाराने प्रोग्रामरला विचारलेच पाहिजेत आणि कंपनीने त्यांची उत्तरे दिलीच पाहिजेत. आज विचारणाऱ्याला ‘तुम्ही फक्त भाषांतर करा’ असे उत्तर मिळते. हे उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याला आपण कोणाच्या पैशांशी खेळतो आहोत, याची जाणीवच नाही.

ती उत्तरे मिळाली, तर तीच सूचना कशी होते, ते आम्ही इथे लिहून दाखवतो :

‘`Day End` चालू असताना स्क्रीन अडकली किंवा पुन्हा लॉगिन मागितले, तर `Day End` लगेच दुसऱ्यांदा लावू नका. आधी `Interest Posting Report` उघडा आणि आजची तारीख टाका. सगळ्या कर्जखात्यांवर व्याज दिसत असेल, तर आकारणी झालेली आहे; पुन्हा लावू नका, लावल्यास प्रत्येक खात्यावर व्याज दुसऱ्यांदा नावे पडेल. अहवाल पूर्ण कोरा असेल, तरच पुन्हा लावा. काही खात्यांवर व्याज आहे आणि काहींवर नाही, असे दिसले, तर काहीही न करता मुख्य कार्यालयाला फोन करा.’

यात एकही अवघड शब्द नाही. बटणांची आणि अहवालांची नावे पडद्यावर दिसतात तशीच ठेवली आहेत. आधी प्रसंग, मग मनाई, मग तपासणी, आणि तिन्ही शक्यतांना तीन स्पष्ट आज्ञा. मूळ मजकुरापेक्षा हा मजकूर लांब आहे आणि तो लांबच असायला हवा. शब्द मोजून पैसे देणाऱ्यांना तो महाग वाटत असेल, तर त्यांनी सात लाख वीस हजारांच्या उलट नोंदी एकेका खात्यावर टाकायला बसावे.

याहून मोठी फसवणूक पुढच्या व्हर्जनच्या वेळी होते. दोष दुरुस्त होतो आणि कागदावर एक ओळ येते : ‘दुहेरी व्याजाची समस्या सोडवली आहे.’ शाखाधिकारी ती वाचतो, समाधानाने फाइल बंद करतो आणि आपली खाती आता बरोबर झाली असे मानतो. पण दुरुस्त झालेला असतो प्रोग्राम; खात्यांवर आधीच पडलेल्या चुकीच्या नोंदी तशाच असतात. नव्या व्हर्जनने नवे दुहेरी व्याज पडणे थांबते, जुने निघत नाही. ते शोधून, उलट नोंद करून, सभासदाकडून जास्त घेतलेली रक्कम परत करून काढावे लागते. म्हणून सुटलेल्या प्रत्येक दोषाखाली मराठीत दुसरे वाक्य सक्तीचे हवे : ‘या तारखेपूर्वी पडलेल्या नोंदी आपोआप दुरुस्त होत नाहीत, त्या अशा शोधा आणि अशा काढा.’ हे वाक्य नसलेली ओळ शाखाधिकाऱ्याची दिशाभूल करते.

काही कंपन्या याच्याही पुढे गेल्या आहेत. नव्या सोयींची यादी त्या मराठीत देतात आणि दोषांची यादी इंग्रजीतच ठेवतात. संस्थेच्या संचालकांना दोष दिसले तर वाईट दिसेल, ही त्यामागची भीती. विचारले की सांगतात, कर्मचाऱ्यांना इंग्रजी येते. `Day End` हे बटण ओळखता येणे म्हणजे अटी-शर्तींनी भरलेले इंग्रजी वाक्य घाईच्या वेळी अचूक समजणे नव्हे, हे त्यांनाही माहीत आहे. उरतो तो मराठीत शब्द नाहीत हा जुना बहाणा. नावे आणि जमा, किर्द आणि खतावणी, तेरीज आणि ताळेबंद, उलट नोंद आणि येणे व्याज! या भाषेने सहकाराचे अख्खे जमाखर्च पिढ्यान्‌पिढ्या लिहिले आहेत. 2024 साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा अभिमान याच सहकारी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनाही असेल. त्यांच्याच शाखेत त्यांच्याच कारकुनाला त्याच्याच भाषेत धोका सांगितला जात नाही, याची त्यांना लाज वाटली पाहिजे.

आमच्या मागण्या थोड्या आहेत आणि त्यांना मोठा खर्च लागत नाही. भाषांतरकाराला पडद्याची चित्रे आणि चाचणीचे लॉगिन द्या. त्याच्या प्रश्नांना प्रोग्रामरने लेखी उत्तर द्यावे. पैशांवर परिणाम करणारे दोष यादीच्या डोक्यावर घ्या. आज ते रंग बदलण्याच्या आणि फॉन्ट हलण्याच्या तक्रारींखाली गाडले जातात. आणि सर्वांत महत्त्वाचे : कागद वाटण्याआधी तो एका कारकुनापुढे ठेवा, ज्याने मूळ इंग्रजी पाहिलेले नाही. चाचणीच्या प्रणालीत मुद्दाम लॉगिन तोडा आणि आता काय कराल, असे विचारा. मराठीचे पुन्हा इंग्रजी करून ताडून पाहणे पुरेसे नाही. ‘प्रविष्टी अहवाल सत्यापित करावा’ हे त्या परीक्षेत पूर्ण गुणांनी उतरते आणि शाखेत साफ नापास होते. कारकुनाचा हात योग्य बटणाकडे गेला, तरच ते भाषांतर झाले.

संस्थांच्या व्यवस्थापकांनो, व्हर्जन स्वीकारल्याची सही तुमची असते. ही चाचणी होत नाही तोवर ती सही करू नका आणि बिलही रोखून धरा. न समजणारा कागद हातात देऊन कर्मचाऱ्याला चुकीबद्दल मेमो देण्याचा अधिकार कोणत्याही व्यवस्थापनाला नाही. असा मेमो ज्याला मिळेल, त्या कर्मचाऱ्याने उत्तरासोबत तो मराठी कागदच जोडावा आणि लेखापरीक्षकापुढे ठेवावा. दोषी कोण, हे त्या कागदावरच लिहिलेले आहे.