पोती ८० की ५३? प्रश्नातला हरवलेला आकडा

गोंदिया जिल्ह्यातल्या मुलांना धानाचे गणित नवे नाही. तरीही व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला असा प्रश्न चकवतो : ‘राइस मिलमध्ये ४० क्विंटल धान भरडाईला आणले. मिळालेला तांदूळ ५० किलोच्या पोत्यांत भरला. किती पोती पूर्ण भरली?’

अनेकांचे उत्तर झटकन येते, ८०. म्हणजे ४००० भागिले ५०. पण हा भागाकार धान आणि तांदूळ एकच समजतो. धान भरडल्यावर तूस, कोंडा वेगळा होतो. तांदूळ कमीच निघतो. किती निघतो, म्हणजे उतारा किती, हे प्रश्नात नाहीच. मूळ पुस्तकात ते शेजारच्या तक्त्यात असेल. मजकूर कॉपी करताना तक्ता मागे राहिला.

थोडा जाणकार विद्यार्थी ६७ टक्के धरतो. सरकारी भरडाईत मिलने एक क्विंटल धानामागे ६७ किलो साधा तांदूळ द्यायचा असतो. त्या हिशेबाने २६८० किलो, म्हणजे ५३ पोती भरतात आणि ३० किलो उरतो. हे उत्तर पटण्यासारखे आहे, म्हणूनच जास्त फसवे आहे. ६७ हा सरकारी करारातला आकडा आहे. प्रत्यक्ष उतारा धानाची जात, ओलावा आणि यंत्रावर ठरतो. तो ६० टक्के निघाला, तर पोती ४८ च भरतील. घरचे धान भरडून तांदूळ विकणारा शेतकरी ५३ पोत्यांचा सौदा ठरवून बसला, तर उरलेली पाच पोती आणायची कुठून?

मग कोणताच आकडा मनाने घ्यायचा नाही का? तसे नाही. क्विंटल म्हणजे १०० किलो, हे प्रश्नात नसले तरी चालते. ते सगळीकडे सारखेच असते. उतारा मात्र त्या धानाचा, त्या मिलचा असतो. तो विचारावाच लागतो.

गाळलेली जागा ओळखायची खूण सोपी आहे. प्रत्येक आकड्यापुढे तो कशाचा, हे लिहावे : ४००० किलो धान, ५० किलो तांदूळ. दोन्हींना जोडणारा आकडा दिसला नाही, की तिथेच थांबावे.

फ्रान्समधील ग्रेनोबलच्या शिक्षकांनी १९८० च्या सुमारास मुलांना विचारले होते : जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? बहुतेक मुलांनी दिलेल्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून वय सांगितले. शाळेतल्या प्रश्नाला उत्तर असतेच, हे त्यांच्या मनात पक्के बसले होते.

ही सवय मोडायची, तर गुण देण्याची पद्धत बदलायला हवी. ‘उतारा दिलेला नाही, तो टक्केवारीत कळला की ०.८ ने गुणावे, पोती मिळतील. ६७ धरल्यास ५३ पूर्ण पोती’ असे लिहिणाऱ्याला पूर्ण गुण मिळावेत. नुसते ५३ लिहिणाऱ्याला मात्र शिक्षकांनी विचारावे, ६७ आणलेस कुठून?