यंत्र नऊ कोटींचं, ताळेबंद बारा कोटींचा

बाजार पडला की यंत्राचं मोल उतरतं, हे जुन्या यंत्रांच्या दलालाला लगेच कळतं. कंपनीच्या फायनान्स विभागाला मात्र मार्चअखेरीस ते मान्य नसतं. मी ऑडिट करतो, म्हणून स्पष्ट लिहितो: मंदीनंतर इम्पेअरमेंटच्या चाचण्या म्हणून माझ्यासमोर जे कागद येतात, त्यांतल्या बऱ्याच कागदांत चाचणी झालेलीच नसते. उत्तर आधी ठरतं आणि आकडे मागाहून भरले जातात.

2019-20 मध्ये देशात व्यावसायिक वाहनांची विक्री जवळपास 29 टक्क्यांनी घसरली. जुलै 2018 मध्ये ट्रकची भारक्षमता वाढवून दिल्यामुळे तेवढाच माल कमी गाड्यांत मावू लागला होता, आणि बिगरबँक वित्तसंस्थांचं कर्जही आटलं होतं. त्या वर्षीची एक शीट सांगतो. कारखाना चाकण पट्ट्यातला, लाइन ट्रकच्या एक्सलची, आकडे गोल केलेले. लाइन 20 कोटींना घेतलेली, आयुष्य दहा वर्षं. चार वर्षांचा घसारा वजा जाता पुस्तकी किंमत 12 कोटी.

इंड एएस 36 चा नियम सरळ आहे. लाइन विकून खर्च वजा जाता हाती येईल ती रक्कम आणि ती वापरत राहिल्यास मिळणाऱ्या रोकडीचं आजचं मूल्य, या दोहोंतली मोठी रक्कम म्हणजे वसूलयोग्य रक्कम. पुस्तकी किंमत त्याहून जास्त असेल, तर फरक तोटा म्हणून दाखवायचा. दलालाचा भाव साडेसात कोटी होता. लाइन उतरवण्याचा आणि पाठवण्याचा खर्च काढला की सात कोटी उरत. त्यामुळे सगळी मदार वापरातल्या मूल्यावर आली, आणि लबाडीला जागाही तिथेच सापडली.

शीटमध्ये सहा वर्षं दरसाल 2 कोटी 90 लाख रोकड आणि 10 टक्के दर धरला होता. उत्तर आलं 12 कोटी 63 लाख, म्हणजे पुस्तकी किमतीच्या जेमतेम वर. त्या 2 कोटी 90 लाखांतले 40 लाख एका रोबोमुळे वाचणार होते. तो रोबो घेतलेलाच नव्हता! यंत्राची चाचणी ते आज ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत करायची असते, उद्याच्या खरेदीच्या जोरावर नाही. ते 40 लाख काढताच मूल्य 10 कोटी 89 लाखांवर आलं. पहिली दोन वर्षं मागणी लगेच सावरणार नव्हती, म्हणून त्या वर्षांची रोकड दोन-दोन कोटी धरली. मूल्य 10 कोटी 2 लाख. शेवटी दर. 10 टक्के हा कंपनीच्या बँककर्जाचा दर होता. नियमाला हवा तो करपूर्व दर, ज्यात त्या धंद्याची जोखीम धरलेली असते. तो 14 टक्क्यांच्या आसपास निघाला. मूल्य 8 कोटी 90 लाख, तोटा 3 कोटी 10 लाख.

मग व्यवस्थापनाने दुसरी वाट काढली: चाचणी लाइनची नको, सगळ्या प्लांटची करू. शेजारची ट्रॅक्टरच्या सुट्या भागांची लाइन भरपूर कमावत होती. तिच्या रोकडीखाली एक्सलचा खड्डा दिसला नसता. पण एक्सलची लाइन आपला माल थेट ट्रक कंपन्यांना, स्वतंत्र दराने विकत होती. जिची रोकड बऱ्याच अंशी स्वतंत्र येते, तिची चाचणीही स्वतंत्रच झाली पाहिजे. दोन्ही लाइनी मिळून एकच वस्तू विकत असत्या, तर मी हा मुद्दा मान्य केला असता.

‘मंदी तात्पुरती आहे, आत्ता तोटा कशाला?’ हे वाक्य ऐकून माझा संताप होतो. मंदी खरंच सरली, अंदाज खरोखर सुधारले, तर हाच नियम यंत्रावरचा तोटा परत फिरवू देतो. मर्यादा एवढीच, की इम्पेअरमेंट झालंच नसतं तर घसाऱ्यानंतर जी किंमत उरली असती, तिच्यावर जायचं नाही. म्हणजे तात्पुरत्या मंदीची सोय नियमात आधीच आहे. तोटा दडपणाऱ्याला ती नको असते, त्याला या वर्षीचा नफा हवा असतो.

खोटी शीट ओळखायला मागच्या वर्षीची शीट पुरते. तेव्हाचा अंदाज आणि प्रत्यक्ष रोकड शेजारी मांडा. दर वर्षी अंदाज चुकतो आणि दर वर्षी उभारी एक वर्ष पुढे ढकलली जाते, असं दिसलं की बाकी तपासणी त्याच संशयाने करायची. पण हे फक्त ऑडिटर करू शकतो, भागधारक नाही. वापरातल्या मूल्यावरून तोटा दाखवला, तर कंपनीला डिस्काउंट रेट जाहीर करावा लागतो. गुडविल असलेल्या युनिटसाठी तोटा नसला तरी गृहीतकं सांगावी लागतात. नुसत्या यंत्रांच्या लाइनसाठी तोटा शून्य ठरवला, की इंड एएस 36 मध्ये एका ओळीचीही सक्ती नाही. मंदीच्या वर्षात चाचणी करून तोटा शून्य ठरवणाऱ्या प्रत्येक कंपनीला दर आणि रोकडीचे अंदाज टिपांमध्ये छापायला लावा, ही माझी मागणी आहे. 10 टक्के दर आणि न घेतलेला रोबो छापावे लागणार असते, तर ती शीट माझ्या टेबलापर्यंत आलीच नसती.