पडत्या कॉइनचं 'ॲव्हरेज' आणि ठरवून केलेली टप्प्यांची खरेदी



सरासरी काढायला आपण मुलांना शिकवतो. पण मोबाईलवर क्रिप्टो कॉइन घेणारी मोठी माणसं "पडलाय ना, मग अजून घे, ॲव्हरेज खाली येईल" असं म्हणतात, तेव्हा त्या सरासरीचा अर्थ त्यांना नीट कळलेला असतोच असं नाही. यावर कुणी म्हणेल, "जाणकारही थोडं थोडं करूनच घेतात की!" हो, घेतात. पण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. उदाहरणच सोडवू या.

समजा, एक कॉइन १०० रुपयांना आहे. पहिला माणूस खरेदीआधीच वहीत लिहितो : १००, ९० आणि ८० रुपयांना प्रत्येकी २० कॉइन घेईन. ७० ला आला तर सगळे विकून बाहेर पडेन. तिन्ही टप्पे झाले तर त्याचे ५,४०० रुपये लागतात, ६० कॉइन येतात आणि सरासरी ९० पडते. ७० ला विकल्यावर हाती येतात ४,२०० रुपये. म्हणजे तोटा १,२००. हा आकडा त्याला पहिल्या खरेदीआधीच माहीत होता. खरं तर त्याने गणित उलटं सोडवलं होतं. 'माझी १,२०० गमवायची तयारी आहे', हे आधी ठरलं. सरासरी ९० आणि विक्री ७०, म्हणजे कॉइनमागे तोटा २० रुपये. १,२०० भागिले २०, म्हणून ६० कॉइन.

दुसऱ्या माणसाने नेमक्या याच तीन खरेद्या केल्या, पण काही ठरवलेलं नव्हतं. भाव ७० ला आला तेव्हा त्याने आणखी ४० घेतले, ५० ला आला तेव्हा आणखी १००. आता २०० कॉइन, गुंतले १३,२०० रुपये, सरासरी ६६. तो खूश! "९० वरून ६६ वर आलो, आता थोडाच वाढायला हवा." पण भाव ४० झाला की त्याचा तोटा होतो ५,२०० रुपये. सरासरी खाली आली, पण अडकलेला पैसा वाढला आणि भाव एक रुपयाने पडला की आता ६० ऐवजी २०० रुपये जातात.

पहिल्या तीन खरेद्यांपर्यंत दोघांचा हिशोब सारखाच दिसतो, हे लक्षात घ्या. फरक आहे तो आधी लिहिलेल्या कागदात. पुढची खरेदी कशामुळे होते, हे बघा. पहिल्याची होते योजनेतला टप्पा आला म्हणून. दुसऱ्याची होते स्वतःचा तोटा डोळ्यांना खुपतो म्हणून. आपण कितीला घेतलं होतं, हे बाजाराला ठाऊकही नसतं.

"कधीतरी वर येईलच" म्हणणाऱ्यांनी मे २०२२ मधला टेरा लुना आठवावा. महिन्याच्या सुरुवातीला तो ८० डॉलरच्या आसपास होता. समजा एकाने ८०, ३० आणि १ डॉलर या भावांना प्रत्येकी १०० डॉलरचे लुना घेतले. साधारण १०५ कॉइन आले आणि सरासरी ८० वरून थेट तीन डॉलरच्याही खाली आली. ॲव्हरेज याहून छान काय होणार? पण काही दिवसांतच भाव एका सेंटच्याही खाली गेला आणि ३०० डॉलरचा एक डॉलरसुद्धा उरला नाही.

असं का झालं? लुनाला जोडलेलं यूएसटी नावाचं कॉइन एक डॉलरवर टिकवायचं होतं. कुणी यूएसटी परत दिलं की त्याला एक डॉलर किमतीचे नवे लुना तयार करून मिळत. लुना जितका पडेल, तितके जास्त नवे लुना. सुमारे ३५ कोटींचे काही दिवसांत साडेसहा लाख कोटी झाले! म्हणजे पडणं हे स्वस्ताईचं लक्षण नव्हतं, मूळ रचनाच कोसळत होती. अशा वेळी योजनेतली शेवटची ओळ कामाला येते : इथे थांबायचं.

योजनेलाही मर्यादा आहेतच. भाव झपाट्याने पडला तर ७० ची विक्री ६५ ला होऊ शकते, म्हणून १,२०० चा आकडा अगदी पक्का धरू नये. कॉइन चांगला की वाईट, हेही योजना सांगत नाही. आणि आपल्याकडे एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून करासाठी वजा करता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

घरात कुणी "ॲव्हरेज करतोय" म्हणालं, तर एवढंच विचारा : एकूण किती घ्यायचं आणि कुठे थांबायचं, हे पहिल्या खरेदीआधी लिहिलं होतं का? कागद दाखवता आला, तर ते टप्पे. नाही आला, तर तो तोट्यावर चढवलेला आणखी पैसा आहे, मग सरासरी कितीही सुंदर दिसो.